दोन परीक्षांच्या कात्रीत सापडलेले अंतिम वर्ष

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षातील सातवे सत्र सुरू होते न होते तोच महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षाबाहेर कंपन्यांच्या तारखा लागू लागतात. विद्यापीठाची परीक्षा तेव्हा दूर असते, तर कंपनीची ॲप्टिट्यूड चाचणी परवावर आलेली असते. साहजिकच विद्यार्थी क्रमिक पुस्तके मिटून गणिती कोड्यांच्या मागे लागतो. निवड झाली नाही की दुसरी कंपनी येते, मग तिसरी. आणि नोव्हेंबर उजाडतो तेव्हा पाच विषयांचे ओझे जसेच्या तसे डोक्यावर असते. या ओढाताणीचा दोष बहुधा वेळेच्या अभावाला दिला जातो. हिशेब मांडून पाहिला, तर तो तितकासा खरा ठरत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ. तेथील २०१९च्या अभ्यासक्रमात प्रत्येक लेखी विषयाचे शंभर गुण दोन भागांत विभागलेले आहेत. पहिल्या दोन युनिटांवर ३० गुणांची सत्रमध्य परीक्षा होते आणि उरलेल्या चार युनिटांवर ७० गुणांची सत्रान्त परीक्षा होते. म्हणजे सत्रमध्य परीक्षा आटोपल्यावर पाच विषयांची मिळून वीस युनिटे उरतात. एका युनिटाची टिपणे नीट वाचून मागील प्रश्नपत्रिकांतील दोन प्रश्न हाताने लिहून सोडवायला सुमारे तीन तास धरले, तरी एकूण साठ तास होतात. सत्रान्त परीक्षेला सात आठवडे आहेत आणि त्यांतील शेवटचा आठवडा दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवला आहे, असे समजा. उरलेल्या सहा आठवड्यांत दररोज दीड तासापेक्षा थोडा कमीच वेळ पुरतो. त्यात ॲप्टिट्यूडच्या सरावाची रोजची चाळीस मिनिटे मिळवली, तरी बेरीज सव्वादोन तासांच्या पलीकडे जात नाही. प्रोजेक्ट, प्रात्यक्षिके आणि बसचा प्रवास सांभाळूनही एवढा वेळ निघू शकतो.

मग घडी विसकटते ती कोठे? या सहा आठवड्यांत चार कंपन्या आल्या असे धरू. चाचणीचा दिवस तर जातोच; पण त्याआधीचे दोन दिवसही विद्यार्थी ‘तयारी’साठी काढून ठेवतो. अशा रीतीने बेचाळीसपैकी बारा दिवस खर्ची पडतात. वास्तविक या दोन दिवसांत हाती काय लागते? ॲप्टिट्यूड चाचणीत विचारले जाते ते बहुतांशी शाळेतील गणित: शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, गुणोत्तर. ते सर्वांना येते. कसोटी लागते ती वेगाची. वीस प्रश्नांना पंचवीस मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट, अशा बेताची ती असते. वेग हा अंगवळणी पडण्याचा भाग आहे आणि तो दोन दिवसांत वाढत नाही. उलट सत्रान्त परीक्षेचे एक युनिट मात्र एका संध्याकाळी खरोखरच पदरात पडते. म्हणून ऐकायला विपरीत वाटले, तरी चाचणीच्या आदल्या दोन दिवसांचा सर्वांत फलदायी उपयोग विद्यापीठाच्या अभ्यासासाठीच होतो. त्या चाचणीचे विभाग किती, सोडून दिलेल्या प्रश्नाकडे परत जाता येते की नाही, चुकीच्या उत्तराचे गुण कापतात का, एवढी माहिती करून घ्यायला तासभर पुरे.

वेग म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. एक काम ‘अ’ १२ दिवसांत आणि ‘ब’ १८ दिवसांत करतो. दोघांनी मिळून ४ दिवस काम केल्यावर ‘अ’ निघून गेला, तर उरलेले काम ‘ब’ किती दिवसांत संपवील? शाळेतील रीतीने बाराव्या आणि अठराव्या हिश्शाची बेरीज करायची, तिला चाराने गुणायचे, एकातून वजा करायचे, उरलेल्याला अठराने गुणायचे. उत्तर येते, पण दोन मिनिटे जातात आणि अपूर्णांकात चूक होण्याची धास्ती राहते. सराव असलेला विद्यार्थी १२ आणि १८ यांचा लसावि ३६ घेतो व काम ३६ भागांचे मानतो. ‘अ’ रोज ३ भाग करतो, ‘ब’ रोज २. चार दिवसांत २० भाग झाले, १६ उरले. ‘ब’ला ८ दिवस. अर्ध्या मिनिटात प्रश्न हातावेगळा होतो. ही रीत वाचून समजायला पाच मिनिटे लागतात. पण प्रश्न पाहताच ती सुचावी यासाठी महिनाभर रोज थोडे थोडे प्रश्न, तेही एकाच प्रकारचे नव्हे तर सरमिसळ, सोडवावे लागतात. (जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत असत. रुपयातले सहा आणे म्हणजे साडेसदतीस टक्के हे ज्या पिढीला उमगत होते, तिला ६४०चे साडेसदतीस टक्के २४० होतात हे सांगायला कागद लागला नसता.)

आता या सरावाचा उपयोग होतो आहे की नाही, हे कळावे कसे? केवळ एकूण गुण पाहून ते कळत नाही. वेळ लावून सोडवलेल्या सराव चाचणीनंतर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहावे: रीत माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, की वेळ संपली. रीत माहीत नसल्याच्या नोंदी जास्त असतील, तर तो धडा वाचणे भाग आहे. आकडेमोडीच्या नोंदी जास्त असतील, तर आणखी पुस्तके आणून काहीच साधणार नाही. आणि नोंदी मुख्यतः वेळेच्या असतील, तर बहुधा दोन-तीन हट्टी प्रश्नांनीच पाच-सहा मिनिटे गिळलेली आढळतात. तेथे प्रश्न सोडून द्यायला शिकणे हाच अभ्यास. शिवाय अनेक चाचण्यांत प्रत्येक विभागाची किमान मर्यादा वेगळी असते. गणिताची गोडी असलेला, विशेषतः मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी गणितच पुन्हा पुन्हा सोडवतो आणि इंग्रजीच्या विभागात अडतो, हे दृश्य वारंवार दिसते. त्याच्या चाळीस मिनिटांपैकी पंचवीस मिनिटे इंग्रजी उताऱ्यांना मिळायला हवीत.

दोन्ही परीक्षा एकमेकींवर आल्याच तर झुकते माप कोणाला द्यावे, याबद्दल मात्र संदेह नसावा. एक चाचणी हुकली तर दुसरी कंपनी येते. सातव्या सत्रात एखादा विषय राहिला, तर निकाल लागल्यावर येणाऱ्या ज्या कंपन्या बॅकलॉग चालवून घेत नाहीत, त्यांचे दार बंद होते. आणि आधी हाती आलेले नियुक्तिपत्रही बहुधा वेळेत पदवी पूर्ण करण्याच्या अटीवरच दिलेले असते. सप्टेंबरात निवड झालेले विद्यार्थी डिसेंबरात नापास होतात, ते ही अट न वाचल्यामुळे. पत्र म्हणजे नोकरी नव्हे, हेही अनुभवाचे आहे. २०२२ साली पदवी घेतलेल्या आणि संगणक-क्षेत्रात निवड झालेल्या अनेकांना रुजू होण्यासाठी वर्षाहून अधिक काळ तिष्ठत राहावे लागले. त्या काळात त्यांच्याजवळ होते ते आठ सत्रांचे गुणपत्रक.

हा सारा भार विद्यार्थ्याच्या नियोजनावर टाकून महाविद्यालयांना मोकळे होता येणार नाही. ॲप्टिट्यूडचे वर्ग पुष्कळ ठिकाणी सातव्या सत्राच्या तोंडावर आठ-दहा दिवस सलग, सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरवले जातात. बाहेरच्या संस्थेशी करार करायला आणि हजेरी दाखवायला ते सोयीचे पडते. पण जे कौशल्य थोडे थोडे, पुष्कळ दिवस घोटावे लागते, ते शिकवण्याची याहून उफराटी पद्धत शोधून सापडणार नाही. तेच साठ तास दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक तासिका या हिशेबाने वाटले, तर जादा खर्च न करता चार सत्रांत पुरे होतात आणि सातवे सत्र मोकळे राहते. तसेच सत्रान्त परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या पंधरवड्यात आवारात चाचणी घेऊ देणार नाही, असे प्लेसमेंट अधिकाऱ्याने कंपनीला सत्राच्या आरंभीच कळवावे. एकटे महाविद्यालय असे म्हणायला कचरते, कारण कंपनी शेजारच्या आवारात जाईल अशी भीती असते. एका शहरातील आठ-दहा महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी एकत्र बसून जुलैतच ही तारीख ठरवली, तर ती भीती पुष्कळशी उरत नाही. विद्यापीठाचे वेळापत्रक तोवर निश्चित झालेले नसले, तरी मागील वर्षाच्या तारखांवरून अंदाज बांधता येतोच.