गांधीजींच्या हातच्या दुरुस्त्या असलेला तो कागद आणि डॉ. खरेंचा राजीनामा: चरित्रात न सापडणारी गोष्ट शोधायची कशी?

वर्धा म्हटलं की आपल्याला सेवाग्राम, चरखा आणि प्रार्थना आठवते. पण जुलै 1938 मध्ये याच वर्ध्यात एका मुख्यमंत्र्याची खुर्ची गेली होती. त्या काळात या पदाला पंतप्रधान म्हणायचे. खुर्ची गेली ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या डॉ. ना. भा. खरे यांची.

झालं असं की खरे आणि त्यांचेच सहकारी रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र यांच्यात आधीपासून जुंपली होती. मे महिन्यात पचमढीला समेट झाला, पण तो टिकला नाही. 20 जुलैला खरेंनी राजीनामा दिला. शुक्ल, मिश्र आणि दु. शं. मेहता यांनी द्यायला नकार दिला. गव्हर्नर वायली यांनी रातोरात या तिघांना बडतर्फ केलं आणि खरेंनी नवं मंत्रिमंडळ बनवलं. त्यात अग्निभोज हे दलित मंत्रीही होते. काँग्रेसश्रेष्ठींनी खरेंना वर्ध्याला बोलावलं, 23 जुलैला त्यांनी पुन्हा राजीनामा दिला आणि काही दिवसांत शुक्ल नेते झाले.

नेत्याच्या जवळच्या माणसाने, घरच्यांच्या किंवा पक्षाच्या संमतीने लिहिलेल्या चरित्रात असं प्रकरण बहुतेकदा एका शब्दात आटोपतं: शिस्तभंग. ते खोटं नसतं. पण बाकीचं काय?

इथे प्रतिस्पर्ध्यांच्या आठवणी कामाला येतात. खरेंनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं. मिश्रांनीही 'लिव्हिंग अ‍ॅन एरा' लिहिलं. एकाची खुर्ची गेली, दुसरा त्याच भांडणात बडतर्फ झाला होता. दोघांनाही हिशेब चुकते करायचे होते, त्यामुळे कोणा एकावर विश्वास ठेवून चालत नाही. करायचं एवढंच की एका वहीत तारखांची यादी करायची आणि प्रत्येक तारखेसमोर दोघांचं म्हणणं लिहायचं. जिथे दोघं एकमेकांचे वैरी असूनही सहमत आहेत, ती गोष्ट बहुधा पक्की. जिथे भांडतात, तिथे कागद शोधायचा.

आता मूळ वाद घ्या. खरेंचा आरोप होता की सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, आपल्या नावाचं निवेदन गांधीजींनी दुरुस्त करून दिलं आणि सही करायला सांगितलं. मंत्रिमंडळात दलित मंत्री घेतल्याबद्दल गांधीजी नाराज होते, असंही ते म्हणत. यातला पहिला भाग कागदावर तपासता येतो, कारण खरेंनी दुरुस्त्यांसह त्या मसुद्याची छायाप्रत छापली. दुरुस्त्या झाल्या, हे सिद्ध होतं. ती मदत होती की दडपण, हे मात्र कागद सांगत नाही. आणि अग्निभोजांबद्दल बंद खोलीत काय बोलणं झालं, याला तर खरेंचा शब्द एवढाच पुरावा आहे. तो दावा "खरे म्हणतात" असाच लिहायला हवा.

पुढचा टप्पा सरकारी फाइलींचा. प्रत्येक प्रांत दर पंधरा दिवसांनी दिल्लीला राजकीय अहवाल पाठवायचा. जिल्ह्याजिल्ह्यातून आणि पोलिसांकडून आलेली माहिती त्यात असायची. हे अहवाल राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि बरेच abhilekh-patal.in वर वाचता येतात. शोधताना गृह विभाग, राजकीय शाखा आणि वर्ष टाकायचं.

पण एक गोम आहे. 1938 मध्ये प्रांताचं पोलीस खातं याच मंत्र्यांच्या हाताखाली होतं. आपल्याच साहेबांच्या भांडणाबद्दल खातं मोकळेपणाने किती लिहिणार? म्हणून गव्हर्नरची व्हाइसरॉयला गेलेली खासगी पत्रं वेगळी पाहावी लागतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांची कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथेही लक्षात ठेवायचं की वायली स्वतः या प्रकरणातला एक पक्ष होते. रातोरात बडतर्फी त्यांच्याच सहीने झाली होती.

कोर्टाचा कागद तर आत्मचरित्रकारालाही सोडत नाही. 1950 मध्ये हिंदू महासभेचे अध्यक्ष असलेल्या खरेंना दिल्लीतून तडीपार करण्यात आलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बहुमताने हरले. तो निकाल 'डॉ. एन. बी. खरे विरुद्ध स्टेट ऑफ दिल्ली' या नावाने सहज मिळतो. खरेंच्या हालचालींवर सरकारचा नेमका आक्षेप काय होता, हे त्यात वाचायला मिळतं. पण वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आदेशात लिहिलेली कारणं हा सरकारचा आरोप आहे. न्यायालयाने मुख्यतः असा आदेश काढण्याचा कायदा घटनेत बसतो का, हे पाहिलं. त्यामुळे "कोर्टाने आरोप सिद्ध केले" अशी पोस्ट कोणी टाकली, तर ती चूक आहे.