मुदत ठेवीचे दिवस मोजताना

मुदत ठेवीची मुदत महिने आणि दिवस अशी दिलेली असली, की मुदतपूर्तीची तारीख काढण्याची बँकांतली रूढ पद्धत म्हणजे आधी महिने मोजणे आणि मग दिवस. इथे महिना म्हणजे तीस दिवस नव्हे, तर पुढच्या महिन्यातली तीच तारीख. २० जानेवारी २०२५ रोजी १३ महिने १० दिवसांसाठी एक लाख रुपये ठेवले, तर तेरा महिने २० फेब्रुवारी २०२६ला पूर्ण होतात. त्यात दहा दिवस मिळवले की २ मार्च २०२६ ही तारीख येते.

क्रम उलटा केला तर उत्तरही बदलते. आधी दहा दिवस मोजले तर ३० जानेवारी येतो. त्यापुढे तेरा महिन्यांनी ३० फेब्रुवारी हवा, पण तो नसल्यामुळे गाडी २८ फेब्रुवारीला थांबते आणि दोन दिवस बुडतात. महिन्याचे सरसकट तीस दिवस धरून ४०० दिवस मोजले, तर २४ फेब्रुवारीच हाती येतो. ‘४०० दिवस’ आणि ‘१३ महिने १० दिवस’ या म्हणूनच दोन वेगळ्या मुदती आहेत. त्यांचे व्याजदरही वेगळे असू शकतात, त्यामुळे अर्जावर मुदत कशी लिहिली आहे हे पाहायलाच हवे.

महिनाअखेरीच्या ठेवींना आणखी एक नियम लागतो. ज्या महिन्यात ती तारीखच नाही, तिथे महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. त्यामुळे २०२६ साली २८, २९, ३० आणि ३१ जानेवारीला एकेक महिन्यासाठी ठेवलेल्या चारही ठेवी २८ फेब्रुवारीलाच पिकतात. पहिलीला ३१ दिवसांचे व्याज मिळते, शेवटचीला २८ दिवसांचेच, कारण तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीत व्याज प्रत्यक्ष दिवसांवर ठरते.

मोठ्या मुदतीच्या, व्याज मुद्दलात मिळवत जाणाऱ्या ठेवीत मात्र सगळे दिवस मोजावे लागत नाहीत. पूर्ण तिमाह्यांचे व्याज वार्षिक दराच्या चौथ्या हिश्शाने मिळते, मग ती तिमाही ९० दिवसांची असो वा ९२. दिवस मोजायचे ते उरलेल्या तुकड्याचे. वरच्या ठेवीचा दर ७ टक्के धरला, तर तिमाहीला १.७५ टक्के पडतात. २० जानेवारी २०२६पर्यंत चार तिमाह्या भरतात आणि लाखाचे १,०७,१८५.९० रुपये होतात. तिथून २ मार्चपर्यंत ४१ दिवस उरतात: २० फेब्रुवारीपर्यंत ३१ आणि पुढचे १०. या दिवसांचे सरळव्याज असे निघते:

```
107185.90 × 7 × 41 / (100 × 365) = 842.80
```

करकपात सोडली तर मुदतीअंती १,०८,०२८.७० रुपये मिळतात. फेब्रुवारी २८ला मुदत संपली असे धरले असते, तर यातले ४१ रुपये ११ पैसे कमी पडले असते.

दिवस मोजताना ठेव ठेवल्याचा दिवस धरतात, पैसे परत मिळण्याचा धरत नाहीत. दोन्ही धरले की ४१चे ४२ होतात, आणि घरच्या हिशेबाचा बँकेच्या पावतीशी मेळ न बसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. संगणकावरच्या तक्त्यात A1 या चौकटीत ठेवीची तारीख लिहून पुढचे सूत्र दिले, तर मुदतपूर्तीची तारीख महिनाअखेरीच्या नियमासह अचूक येते:

```
=EDATE(A1,13)+10
```

या तारखेतून A1 वजा केले की एकूण ४०६ दिवस निघतात.

लीप वर्षात भागाकार ३६५ने करायचा की ३६६ने, हे प्रत्येक बँक आपापल्या पद्धतीने ठरवते. रिझर्व्ह बँकेने ती मोकळीक दिली आहे, पण आपली पद्धत ठेवीदाराला सांगणे बँकेवर बंधनकारक आहे. उरलेल्या तुकड्यात २९ फेब्रुवारी आला तर तो दिवस मात्र मोजला जातोच.

मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात आणि मधल्या दिवसांचे व्याज ठरलेल्या दरानेच द्यावे लागते. २८ फेब्रुवारी २०२६ हा चौथा शनिवार आणि दुसरा दिवस रविवार. त्या शनिवारी पिकलेल्या ठेवीला सोमवार, २ मार्चपर्यंतचे आणखी दोन दिवसांचे व्याज मिळते. व्याज मुद्दलात मिळवणाऱ्या ठेवीत ते मुदतीअंतीच्या पूर्ण रकमेवर आकारले जाते. ठेवीदाराने स्वतःहून उशीर केला तर हा नियम लागू होत नाही. ठेवीचे आपोआप नूतनीकरण ठरलेले नसेल, तर पुढच्या दिवसांना बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांतला जो कमी असेल तो मिळतो.