पाद्री नेमायचा कुणी?

आमच्या नायगावाकडे ख्रिस्ती धर्मगुरू कुठल्याही पंथाचा असला तरी त्याला ‘पाद्री’ म्हणतात. मीही अनेक वर्षे तसेच म्हणत आलो. जालन्याजवळच्या बेथेल वसाहतीची आणि ती वसवणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांची माहिती गोळा करू लागलो, तेव्हा एका साध्या प्रश्नाने मला अडवले. या माणसाला पाद्री केले कुणी? उत्तर शोधताना मराठवाड्यातून मी थेट स्कॉटलंडच्या एका खेड्यात जाऊन पोहोचलो.

रोमशी फारकत घेतलेल्या प्रॉटेस्टंट देशांनी चर्चचा कारभार ढोबळपणे तीन तऱ्हांनी लावला. जर्मनीतल्या ल्यूथरपंथी संस्थानांत राजाच चर्चचा मुख्य झाला आणि त्याने नेमलेली मंडळे कारभार पाहू लागली. इंग्लंडमध्ये बिशप राहिले; पण त्यांना नेमणारी राजसत्ता होती. मुंबईचे पहिले अँग्लिकन बिशप टॉमस कार 1837 साली राजसत्तेच्या सनदेनेच आले. तिसरी तऱ्हा जिनिव्हात कॅल्व्हिनने घडवली. तिला रिफॉर्म्ड म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तिचे नाव प्रेसबिटेरियन.

या तिसऱ्या तऱ्हेत बिशपच नाही. गावच्या मंडळीत पाळक आणि निवडलेले ‘वडील’ एकत्र बसतात, त्या बैठकीला सेशन म्हणतात. वडील हे पुरोहित नव्हेत. कुणी शेतकरी, कुणी दुकानदार. पण मंडळीच्या शिस्तीत त्यांचे मत पाळकाच्या मताइतकेच. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि प्रत्येकीचा एक वडील मिळून प्रेसबिटरी होते. तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली. खालच्या सभेचा निर्णय पटला नाही तर वरच्या सभेकडे दाद मागता येते. सभेचा अध्यक्ष ठरावीक मुदतीपुरता असतो. खुर्ची सोडली की तो पुन्हा इतरांसारखाच. पाळकाची दीक्षाही एकटा कुणी देत नाही. प्रेसबिटरी परीक्षा घेते आणि तिचे पाळक उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवतात.

कागदावर हे नीटनेटके दिसते. कसोटी लागते ती सत्ता मध्ये आली की. 1712 साली ब्रिटिश संसदेने कायदा करून स्कॉटलंडमधल्या रिकाम्या जागेवर पाळक सुचवण्याचा हक्क जमीनदारांना परत दिला. 1834 साली असेंब्लीने ठरवले की मंडळीतल्या बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नकार दिला तर तो उमेदवार नेमायचा नाही. त्याच वर्षी ऑक्टरार्डर या गावी जमीनदार लॉर्ड किनूल यांनी रॉबर्ट यंग यांना सुचवले. 330 कुटुंबप्रमुखांपैकी 287 जणांनी नकार नोंदवला. प्रेसबिटरीने यंग यांना थांबवले. ते न्यायालयात गेले आणि जिंकले. 1839 साली ब्रिटिश उमराव सभेनेही तोच निकाल कायम केला.

आता पेच उभा राहिला. चर्च सरकारमान्य असल्याने पाळकाचा पगार आणि घर कायद्याच्या हाती; पाळक कोण, हे मात्र मंडळीच्या हाती हवे. 18 मे 1843 रोजी एडिंबरोच्या असेंब्लीतून अध्यक्ष डेव्हिड वेल्श निषेध वाचून बाहेर पडले. जवळजवळ एक तृतीयांश पाळक पगार आणि घरे सोडून त्यांच्या बाजूने गेले आणि फ्री चर्च उभे राहिले. मुंबईतले स्कॉटिश मिशनरीही जुन्या चर्चच्या इमारती सोडून फ्री चर्चमध्ये गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला.

1854 साली मुंबईच्या प्रेसबिटरीने त्यांना दीक्षा दिली. माझा प्रश्न इथे सुटला. ना राजाची सनद, ना बिशपचा एकट्याचा हात; सभेने त्यांना पाळक केले. दीक्षा मिळताच ते त्या सभेचे सभासद झाले. त्यांना शिकवणाऱ्या गोऱ्या मिशनऱ्यांचे जेवढे एक मत, तेवढेच यांचे. कंपनी सरकारच्या मुंबईत अशी जागा एतद्देशीय माणसाला सहजासहजी मिळत नव्हती.

पण समता सभेच्या दारापर्यंतच होती. मिशनचा पैसा एडिंबरोच्या समितीकडून येई आणि समितीला उत्तर देणारे मिशनरी वेगळे ठरत. शिवाय ‘वडील’ पुरुषच असत. ऑक्टरार्डरच्या त्या यादीतही मतदार होते ते कुटुंबप्रमुख, सगळी मंडळी नव्हे. आणि ‘जिनिव्हाने चर्च राजसत्तेपासून सोडवले’ असे कुणी सांगितले तर तेही अर्धेच खरे: तिथले बारा वडील नगरपरिषदांच्या सभासदांतूनच निवडले जात.

ज्या कायद्यापायी चर्च फुटले, तो संसदेने 1874 साली रद्द केला. आपल्याकडे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा प्रेसबिटेरियन परंपरेच्या मंडळ्यांनी बिशप स्वीकारले; पण तो बिशप आता सिनडच्या चौकटीतला आहे. म्हणून हल्ली एखाद्या पाद्र्याची ओळख झाली की मी त्यांचा पंथ आधी विचारत नाही. तुम्हाला नेमले कुणी, आणि तुमच्याविरुद्ध दाद मागायची कुठे, एवढे विचारतो. पंथाचा अर्धा इतिहास त्या दोन उत्तरांत सापडतो.