साक्षीदाराला धमकी आली तर? नाव लपवता येतं, खटलाही हलवता येतो

वारजे : समजा, वारज्यात रात्री कोयत्याने हल्ला झाला आणि समोरच्या टपरीवाल्याने तो पाहिला. जबाब दिल्यावर आठ दिवसांत आरोपीची पोरं टपरीपुढे गाडी लावून उभी राहू लागली. अशा वेळी "कोर्टात कळलं नाही म्हण" असं शेजारीच सांगतात. पण दुसरा मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने तर प्रत्येक राज्याला अशी योजना करायला सांगितलं आहे.

२०१८ च्या योजनेनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असते. तिच्याकडे साक्षीदार, त्याच्या घरचे, वकील किंवा तपास अधिकारी अर्ज करू शकतात. त्यावर त्या भागाचे सहायक पोलीस आयुक्त, तालुक्यात असेल तर डीवायएसपी, धोका किती आहे याचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत देतात. जिवाला लगेच धोका असेल तर त्याआधीही तात्पुरतं संरक्षण मिळतं. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त नसतं, पुढे लागलं तर पुन्हा बघतात. म्हणून धमकीचा फोन कधी आला, कोण दारात आलं, याची तारखेसह नोंद ठेवलेली बरी. नुसतं "भीती वाटते" म्हटलं तर अहवालात जोर राहत नाही.

ओळख लपवायची असेल तर घाई करावी लागते. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मिळते, आणि एकदा त्यात नाव गेलं की मग लपवायचं काय? त्यामुळे जबाब देतानाच तपास अधिकाऱ्याला सांगायचं. नाव-पत्त्याचा भाग आरोपीला देऊ नये, अशी विनंती तो न्यायालयाला करू शकतो. पुढे साक्ष बंद दालनात, पडद्याआड किंवा व्हिडिओवरून होऊ शकते. मात्र उलटतपासणी टळत नाही, तो आरोपीचा हक्क आहे. आणि गावात खरी अडचण वेगळीच : टपरी कुणाची हे सगळ्यांनाच ठाऊक, तिथे नाव झाकून फारसं साधत नाही. पोलीस बंदोबस्त किंवा काही दिवस दुसरीकडे राहण्याची सोय मागणं तिथे जास्त कामाचं.

वातावरणच दबावाचं असेल तर खटला हलवता येतो. जिल्ह्यातल्या दुसऱ्या न्यायालयात पाठवायचा तर सत्र न्यायाधीश, दुसऱ्या जिल्ह्यात उच्च न्यायालय, परराज्यात सर्वोच्च न्यायालय. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात २००३ मध्ये साक्षीदार उलटले आणि सगळे आरोपी सुटले. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवायला सांगितला. २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले. तरी तिथेही मुख्य साक्षीदाराने पुन्हा शब्द फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला एक वर्षाची कैद झाली.

खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याची फिर्याद मूळ खटल्याची तारीख येईपर्यंत थांबवायची गरज नाही.