‘किरण सर’ आणि एका ओळीचं उत्तर

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. आजचा विषय छोटासा आहे, पण त्यामुळे माझी एकदा चांगलीच पंचाईत झाली होती.

मी किरण. गाव पारनेर, शिक्षण बीटेक, काम सॉफ्टवेअरचं. आणि हो, मी मुलगी आहे. ऐकणाऱ्यांना हे आवाजावरून कळतं, मेल वाचणाऱ्यांना कळत नाही. किरण मोरे विकेटकीपर, किरण नगरकर कादंबरीकार, किरण बेदी पोलीस अधिकारी. म्हणजे नावावरून अंदाज बांधणाऱ्याचा तसा दोष नाही. आमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. राळेगणसिद्धीचे अण्णा आपल्याला पक्के ठाऊक आहेत, पण युरोपात ‘अ‍ॅना’ हे बाईचं नाव. अण्णा हजारे हे नाव इंग्रजीत नुसतं वाचलं, तर तिकडचा माणूस सरळ ‘मॅडम’ लिहील.

तर झालं असं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवत होतो. मी घरून काम करायचे आणि तिथल्या समन्वयकांशी सगळा व्यवहार मराठीत, मेलवरून चालायचा. पहिल्याच मेलमध्ये त्यांनी लिहिलं, ‘नमस्कार किरण सर’. मला हसू आलं. म्हटलं, जाऊ दे, पुढे कळेलच. तीन आठवडे गेले, तरी मी ‘सर’च. मग एका गुरुवारी यादी आली. सोमवारपासून दोन दिवस तिथल्या कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचं होतं आणि मुक्काम त्यांच्या गेस्ट हाऊसवर होता. यादीत लिहिलं होतं : ‘खोली क्र. ४ – श्री. किरण’ आणि शेजारी आमच्याच टीममधल्या एका मुलाचं नाव. आता मात्र हसू आलं नाही.

मी स्वतःचे जुने मेल उघडले. मला वाटत होतं, मराठीत लिहितेय म्हणजे क्रियापदावरून कळत असेलच. पण माझी वाक्यं अशी होती : ‘फाईल पाठवली आहे.’ ‘चूक दुरुस्त केली.’ ‘उद्यापर्यंत पूर्ण करीन.’ यातल्या एकाही वाक्यातून मी मुलगा की मुलगी ते कळत नाही!

इथे आपल्या भाषेची एक गंमत आहे. ‘मी फाईल पाठवली’ यातलं ‘पाठवली’ हे फाईलशी जुळतं, माझ्याशी नाही. फाईल स्त्रीलिंगी, म्हणून ‘पाठवली’. मुलगा लिहो की मुलगी, वाक्य तेच. ‘करीन’, ‘बघेन’, ‘पाठवणार आहे’ ही भविष्याची रूपंही दोघांना सारखीच. फरक दिसतो तो ‘पाठवते/पाठवतो’, ‘आले/आलो’, ‘बोलले/बोललो’ अशा ठिकाणी. आणि ऑफिसचा मेल म्हणजे बहुतेक ‘केलं’ आणि ‘करीन’, त्यामुळे तो नेमका गप्प बसतो.

म्हणून पहिला, सगळ्यात सोपा उपाय : सुरुवातीच्या एक-दोन मेलमध्ये एक बोलणारं क्रियापद मुद्दाम घाला. ‘तपासून उद्या कळवीन’ऐवजी ‘तपासून उद्या कळवते’. कुणाला दुरुस्त केलं नाही, वेगळं काही सांगितलं नाही, तरी सांगून झालं. पण याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. घाईत वाचणाऱ्याला ‘ते’ आणि ‘तो’तला फरक दिसत नाही, किंवा त्याला ती टायपिंगची चूक वाटते. कोल्हापूरकडे तर बायकासुद्धा ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात. आणि मेल इंग्रजीत असेल, तर हा उपाय बादच.

दुसरा उपाय सहीत. इंग्रजी मेलमध्ये नावाआधी `Ms.` किंवा `Mr.` लिहिलं की काम झालं. मराठीत मात्र जरा अडचण आहे. ‘कु.’ आणि ‘सौ.’ लिहिलं की लग्नाचा तपशील आपोआप जातो, आणि ‘श्रीमती’ म्हटलं की अजूनही काही वडीलधारी मंडळी वेगळाच अर्थ काढतात. पूर्ण नाव लिहून फायदा होईल असं वाटतं, पण मधलं नाव वडिलांचं. परक्या माणसाला ते माझंच दुसरं नाव वाटतं आणि ‘सर’ आणखी पक्कं होतं.

तिसरा उपाय म्हणजे सरळ सांगणं. त्या गुरुवारी मी फक्त समन्वयकांना हा मेल पाठवला :

‘नमस्कार सर, यादी मिळाली, धन्यवाद. एक छोटी दुरुस्ती : किरण हे नाव मुलामुलींचं सारखंच असतं, मी मुलगी आहे. त्यामुळे खोली क्र. ४ ऐवजी माझी व्यवस्था वेगळी करावी आणि यादीत ‘श्री.’ बदलावं, ही विनंती. सोमवारी सकाळी दहापर्यंत पोहोचते.’

यात काय केलं ते बघा. ‘तुम्ही चुकलात’ असं कुठेही नाही, गोंधळाचं कारण नावावर टाकलंय. मी माफीही मागितली नाही, कारण माफी मागितली की समोरच्यालाही उलट माफी मागावी लागते आणि साधी गोष्ट उगाच जड होते. दुरुस्ती एका वाक्यात संपली आणि लगेच काय बदलायचं ते आलं. आणि ‘रिप्लाय ऑल’ केलं नाही. त्या मेलमध्ये अकरा जण होते. सगळ्यांसमोर सांगितलं असतं, तर त्यांना ओशाळल्यासारखं झालं असतं.

दहा मिनिटांत फोन आला. ‘अहो मॅडम, आधी नाही का सांगायचं?’ त्यांचं बरोबर होतं. पहिल्या आठवड्यात ही एक ओळ पुरली असती. तीन आठवड्यांनी सांगितल्यावर त्यांना जुने सगळे ‘सर’ आठवले.

खोली बदलली. पण सोमवारी गेटवर पास मिळाला, त्यावर ‘श्री. किरण’! खोल्यांची यादी सुधारली होती, पास मात्र जुन्या एक्सेलवरून छापले होते. माणसाला कळलं म्हणजे रजिस्टरला कळलं असं नाही. म्हणून दुरुस्ती मागताना विचारून घ्या की नाव आणखी कुठे कुठे गेलंय : पास, प्रमाणपत्र, प्रवासाचं तिकीट. सांगून झाल्यावर पुढच्या मेलमधला मायना बघा. ‘सर’ पुन्हा आलं, तर एकदा आठवण करून द्या, तीही फोनवर. आवाजाने काम लवकर होतं.

प्रत्येकाला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ यातलं एक निवडायचं असेलच असं नाही. मग ‘मला नुसतं किरण म्हटलं तरी चालेल’ एवढं पुरतं. कारण द्यायची गरज नाही.

आणि आपणच पहिला मेल लिहीत असू तर? ‘महोदय’ लिहिलं की अंदाज बांधला गेला. आपल्या आजोबांच्या पत्रातलं ‘स.न.वि.वि.’ मात्र कुणालाही चालतं. पुढे ‘तुम्ही’ वापरा. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यात फरक पडतो, ‘तुम्ही आलात’ मध्ये पडत नाही. मराठीत आदराने बोललं की अंदाज बांधावाच लागत नाही.

तो पास मी अजून जपून ठेवलाय. आई म्हणते, फ्रेम कर.

तुमच्या नावाने असा गोंधळ घातलाय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. हो, ‘ऐकवते’च!