मेसेज उद्धट वाटला, त्यानंतर

‘तुमचा सकाळचा मेसेज जरा उद्धट वाटला’ असे सहकाऱ्याने तोंडावर सांगितले, की बहुतेक जण दोनपैकी एका बाजूला घसरतात. काही जण लगेच बचाव सुरू करतात, ‘अहो, मी तर साधंच लिहिलं होतं.’ काही जण माफीचा असा भडिमार करतात की समोरच्याने तक्रार केल्याबद्दलच त्याला पश्चात्ताप व्हावा. खरे तर असे सांगणारा माणूस फार काही मागत नसतो. काय खटकले ते आपल्याला कळले आहे, एवढे त्याला दिसायला हवे असते.

लिहिणाऱ्याला आपला मेसेज उद्धट का वाटत नाही, याचा उलगडा जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमधून होतो. छोटी वाक्ये काही वेळा गंभीरपणे, तर काही वेळा उपरोधाने दुसऱ्यापर्यंत पोचवायची, काही ईमेलवरून आणि काही आवाजातून, असा तो प्रयोग होता. ईमेल पाठवणाऱ्यांना वाटत होते की वाचणारा सुमारे 78 टक्के वेळा सूर बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात ते प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास निघाले, म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडेसेच बरे. आवाज ऐकणाऱ्यांनी मात्र जवळपास पाऊणशे टक्के वेळा सूर ओळखला. लिहिताना आपला आवाज आपल्याच कानात वाजत असतो आणि तो मेसेजबरोबर जातो असे आपण धरून चालतो. म्हणून ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे वाक्य बहुधा खरे असते, पण त्याने काहीच मिटत नाही. वाचणाऱ्याच्या हाती फक्त शब्द आलेले असतात.

एक उदाहरण पाहू. दरमहा जीएसटी भरणाऱ्या एका कंपनीत जीएसटीआर-3बी भरायची शेवटची तारीख 20 आहे. 18 तारखेला सकाळी अकाउंट्समधल्या मॅडम ऑफिसच्या ग्रुपवर खरेदी विभागातल्या सरांना लिहितात, ‘मागच्या महिन्याची बिलं अजून आली नाहीत. आज पाठवा. दर महिन्याला हेच.’ दुपारी सर त्यांना सांगतात की मेसेज वाचून वाईट वाटले.

या मेसेजमधली तीन वाक्ये एका मापाची नाहीत. पहिले नुसती माहिती देते. दुसरी मागणी आहे. ती रोखठोक असली तरी रास्त आहे, कारण बिले जुळवल्याशिवाय विवरणपत्र भरता येत नाही. तिसरे वाक्य बिलांविषयी नाहीच. ते माणसाविषयी आहे, आणि चार लोकांसमोर म्हटलेले आहे. काटा तिथे रुतला आहे, तेव्हा तो तिथूनच काढायला हवा. पूर्ण मेसेजबद्दल सरसकट माफी मागितली तर मागणीही चुकीची होती असे ठरते. तक्रार मोघम असेल तर आधी एकच प्रश्न विचारावा, ‘त्यातलं नेमकं काय खटकलं?’ आणि तो खरोखर जाणून घेण्यासाठी विचारावा. ‘त्यात खटकण्यासारखं काय होतं?’ असे विचारले की भांडणाला तोंड फुटते.

मॅडमना असे उत्तर देता येईल: ‘बरोबर आहे तुमचं. “दर महिन्याला हेच” असं मी लिहायला नको होतं, तेही ग्रुपवर. सॉरी. वीस तारखेचं टेन्शन होतं, ते तुमच्यावर निघालं. ग्रुपवरही तसं लिहिते. बिलं मात्र आज चारपर्यंत लागतीलच. किती राहिलीत, आणि कुठे अडलंय?’

यात ‘सॉरी’ एकदाच आला आहे आणि तो नेमक्या शब्दांसाठी आहे. कारण सांगितले आहे, पण एका वाक्यात, आणि चूक मान्य केल्यानंतर. तेच कारण आधी आले असते तर सबब वाटली असती. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीच्या सहा घटकांची तुलना केली होती. त्यात जबाबदारी स्वीकारणे सर्वांत परिणामकारक ठरले, त्याखालोखाल नुकसान भरून काढण्याची तयारी. ‘मला माफ करा’ ही विनंती सर्वांत कमी उपयोगाची निघाली. मॅडमच्या उत्तरात पहिल्या दोन गोष्टी आहेत, तिसरी नाही, आणि तिची उणीव भासत नाही.

ग्रुपवरची ओळ याहूनही छोटी हवी: ‘सकाळच्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य अनावश्यक होतं, ते मागे घेते. बिलांचं सरांशी बोलणं झालंय.’ जे चारचौघांत बोलले गेले ते चारचौघांतच मागे घ्यावे लागते. बाकीचे बोलणे दोघांत, शक्यतो समोरासमोर किंवा फोनवर व्हावे, कारण आवाजात सूर पोचतो. मूळ मेसेज गुपचूप डिलीट करणे हा वाईट उपाय. डिलीट केल्याची खूण मागे राहते आणि ज्यांनी वाचला नव्हता त्यांचेही कुतूहल जागे होते.

जास्तीच्या माफीने काय बिघडते, हे समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी 1955 मध्ये मांडलेल्या क्रमावरून चांगले समजते. एखाद्याचा मान दुखावला की तो आधी तसे दाखवून देतो, मग दुखावणारा भरपाई देऊ करतो, पहिला ती स्वीकारतो आणि दुसरा आभार मानतो. माफी मागितल्यानंतरची पाळी समोरच्याची असते. ‘सॉरी, सॉरी, मी फारच वाईट वागले, रागावला नाहीत ना? खरंच नाही ना?’ असे लिहीत राहिले की ही पाळी त्याला मिळतच नाही. ज्याला लागले त्यालाच ‘अहो, असू द्या, एवढं काही नाही’ म्हणत लागट बोलणाऱ्याची समजूत काढावी लागते. कधीकधी त्याचा राग अजून गेलेला नसतो, तरीही त्याला तसे म्हणावे लागते. पुन्हा माफीच्या गर्दीत बिले बाजूला पडतात, ती 20 तारखेच्या संध्याकाळी येतात, आणि पुढच्या महिन्याचा मेसेज याहून कडक जातो.

उलट बाजूची चूक म्हणजे ‘तुम्हाला तसं वाटलं असेल तर सॉरी’. ऐकायला नम्र, पण दोष सगळा वाटून घेणाऱ्याच्या माथी.

मिटले की नाही, हे पुढच्या दोन-चार दिवसांच्या व्यवहारात दिसते. सर पूर्वीसारखे स्वतःहून विचारू लागले, त्यांचे निरोप नेहमीच्या लांबीचे येऊ लागले, की विषय संपला असे समजावे. नुसते ‘ओके’, ‘पाठवलं’ एवढेच येत राहिले तर अजून काही उरले आहे. तेव्हाही पुन्हा माफी न मागता बिले कुठे अडतात त्यावर बोलणे बरे. पुरवठादारांकडूनच ती उशिरा येत असतील तर महिन्याच्या 10 तारखेला आठवणीचा एक साधा मेसेज ठरवून टाकता येतो.

या उपायालाही मर्यादा आहे. कधी मेसेजमध्ये माणसाविषयी एक शब्दही नसतो, नुसती रास्त मागणी असते, आणि मुदत टाळण्यासाठी ‘तुमची भाषा बरोबर नाही’ हे पुढे केले जाते. तिथे नसलेली चूक कबूल करू नये. ‘शब्द टोचले असतील तर पुढे सांभाळून लिहीन’ हेसुद्धा तिथे जास्त होते. ‘कुठला शब्द ते सांगा, आणि बिलं चारपर्यंत पाठवा’ एवढे पुरते. मात्र वेगवेगळ्या विभागांतले लोक, एकमेकांशी न बोलता, एकाच माणसाला हेच सांगू लागले, तर एकेक मेसेज सावरून भागणार नाही. त्याने आपले जुने निरोप काढून त्यातले तिसरे वाक्य शोधावे.