ड्रोन आणि ट्रायपॉड सहलीला नेण्याआधी

आपल्या गटांच्या सहली आता फक्त देवदर्शनाच्या राहिल्या नाहीत. कुणी वेरूळ-अजिंठ्याला जातं, कुणी माल घेऊन दिल्लीच्या सरस मेळ्याला जातं, आणि तिथला व्हिडिओ करून गटाच्या पानावर टाकतं. त्यासाठी मोबाइलचा ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांचा स्टँड, सोबत असतो. एखादीचा भाचा आपला छोटा ड्रोनही देतो. मग लेण्यांच्या फाटकावर पहारेकरी स्टँड बाहेर ठेवायला सांगतो किंवा विमानतळावर बॅग उघडायला लावतात, आणि सहलीचा अर्धा दिवस तिथेच जातो. म्हणून आज आपण हे नियम निघायच्या आधी कसे तपासायचे ते पाहू.

एक गोष्ट आधी पक्की करू. परवानगी एका ठिकाणी मिळत नाही. आकाश एका खात्याचं, वास्तूची जमीन दुसऱ्याची, आणि विमानातलं सामान तिसऱ्याच्या नियमात. एकाने हो म्हटलं म्हणजे बाकीच्यांचंही हो झालं, असं होत नाही. घोटाळा बहुतेक इथेच होतो.

उदाहरण घेऊ. समजा गटातल्या दहाजणी वेरूळला जाणार आहेत. त्यातल्या दोघी तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरहून विमानाने दिल्लीच्या मेळ्याला जातील. सोबत एक स्टँड आणि भाच्याचा 249 ग्रॅमचा ड्रोन आहे.

आधी आकाश बघू. ड्रोनचे नियम 2021 साली आले. त्यानुसार देशाच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे आहेत. हा नकाशा digitalsky.dgca.gov.in या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. हिरव्यात 400 फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारची परवानगी लागते, म्हणजे आपल्यासाठी तो बंदच समजा. विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत चालतो, त्याच्या वर परवानगी लागते.

वेरूळ संभाजीनगरपासून साधारण 30 किलोमीटरवर आहे, त्यामुळे विमानतळाचा पट्टा तिथे पोचत नाही. पण शहरातला बीबी का मकबरा विमानतळापासून 12 किलोमीटरच्या आत येतो. एकाच सहलीतल्या दोन ठिकाणांना आकाशाचे नियम असे वेगळे लागू होतात. म्हणून जिल्ह्याचं नाव बघून ठरवू नका, प्रत्येक जागा नकाशावर स्वतंत्र शोधा. आणि निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, कारण पोलिसांना एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल करता येतो. मोठी यात्रा असेल किंवा मंत्री येणार असतील तेव्हा हे होऊ शकतं.

"आमचा ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला आहे, त्याला काही लागत नाही," असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं आहे. एवढ्या हलक्या ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही, पण लाल-पिवळ्या पट्ट्यांचे नियम त्यालाही तेवढेच लागू आहेत.

आता जमीन. वेरूळ नकाशावर हिरवं दिसलं, तरी लेण्यांवर ड्रोन उडवता येत नाही. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात आहेत आणि त्या खात्याच्या परवानगीशिवाय आवारात ड्रोनला बंदी आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत प्रशिक्षण घेतलेल्या आपल्या ताईंनीही हे लक्षात ठेवायला हवं. शेतावर फवारणी करायचं प्रमाणपत्र हातात असलं, तरी ते लेण्यांवरच्या परवानगीची जागा घेत नाही.

स्टँडचंही तसंच आहे. संरक्षित स्मारकांच्या 1959 च्या नियमांत कॅमेऱ्याचा स्टँड लेखी परवानगीशिवाय आत आणायला मनाई आहे. हातात मोबाइल धरून फोटो काढायला अडचण नाही. अडचण स्टँडची आहे, मग तो 200 रुपयांचा का असेना. अरुंद लेण्यात स्टँड उभा केला की माणसांची वाट अडते, आणि पाय सरकला तर कोरीव काम दुखावतं. स्टँड हवाच असेल तर पुरातत्त्व खात्याच्या मंडळ कार्यालयात आधीच लेखी अर्ज द्यावा लागतो. फाटकावर विनवणी करून ही परवानगी मिळत नाही. अजिंठ्याला जाणार असाल तर मोबाइलचा फ्लॅशही बंद ठेवायचा, कारण तीव्र उजेडाने भिंतींवरच्या चित्रांचे रंग फिके पडतात.

सगळेच किल्ले आणि लेणी केंद्राच्या खात्याकडे नाहीत, काही राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. फाटकावरच्या पाटीवर खात्याचं नाव असतं. अर्ज त्याच खात्याकडे करायचा.

शेवटी विमान. इथे खरा प्रश्न ड्रोनचा नसून बॅटरीचा आहे. लिथियमची सुटी बॅटरी दाबली गेली किंवा तिची टोकं एकमेकांना टेकली, तर ती पेट घेऊ शकते. पोटातल्या सामानात ती पेटली तर कुणाला कळणारही नाही. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवायच्या. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ती वेगळ्या पिशवीत ठेवा.

बॅटरी किती मोठी चालते? तिच्यावर Wh, म्हणजे वॉट-अवर, हा आकडा छापलेला असतो. 100 पर्यंत चालते. 100 ते 160 मधली नेण्यासाठी विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. 160 च्या वरची प्रवाशाला नेता येत नाही. आकडा छापलेला नसेल तर व्होल्ट गुणिले mAh करा आणि 1000 ने भागा. भाच्याच्या ड्रोनची बॅटरी 7.4 व्होल्ट आणि 2400 mAh असेल, तर उत्तर 17.76 येतं. ती आरामात जाते. फवारणीच्या ड्रोनची 22.2 व्होल्ट आणि 16,000 mAh ची बॅटरी मात्र 355 वर जाते. ती प्रदर्शनात मांडायची असेल तर विमानातून सामान म्हणून जाणार नाही, तिची दुसरी सोय आधी बघावी लागेल.

ड्रोन हातातल्या बॅगेत ठेवायचा की मोठ्या, हे प्रत्येक विमान कंपनी वेगळं सांगते. तिकीट काढतानाच विचारा आणि उत्तर लेखी मागा. स्टँड मोठ्या बॅगेतच भरा. हातात असला तर सुरक्षा तपासणीत तो अडवायचा की सोडायचा हे तिथला जवान ठरवतो. आणखी एक, पुण्याचं लोहगाव आणि गोव्याचं दाबोळी हे विमानतळ संरक्षण दलाचे आहेत. तिथे धावपट्टीचे आणि विमानांचे फोटो काढू नका.

आता आपल्या दहाजणींचा हिशोब लावू. वेरूळला स्टँड गाडीतच राहील, व्हिडिओ हातात मोबाइल धरून होईल. ड्रोन वेरूळला उडणार नाही आणि दिल्लीतही नाही, कारण दिल्लीचा बराच भाग नकाशावर लालच आहे. मग तो सोबत न्यायचाच कशाला? भाच्याकडेच राहू द्या. एक बॅग कमी होईल आणि तपासणीही सोपी होईल. सहलीच्या आधीच्या बैठकीत जागेचं नाव, नकाशावरचा रंग, वास्तू कुणाच्या ताब्यात आणि बॅटरीचा आकडा अशा चार ओळी वहीत लिहून घ्या. काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं, ते त्या चार ओळींवरून ठरतं.